ज्वारी उगवते पण वाढत नाही: टारफुला ओळखायचा कसा आणि घालवायचा कसा

मागच्या खरिपात जतकडच्या आमच्या काकांचा फोन आला, म्हणाले अरे ज्वारी पिवळी पडलीय, ओल आहे रानात पण दुपारी पानं अशी गुंडाळतीय जसं काय महिनाभर पाऊस नाही. दुकानदाराने आधी झिंक दिलं, मग बुरशीनाशक दिलं, मग कसलं तरी टॉनिक दिलं, चार हजार गेले. मी म्हटलं काका, पंप ठेवा बाजूला, एक फावडं आणि पाण्याची बादली घेऊन या, मी येतो रविवारी.

दोन एकराचा तुकडा, मुरमाड माळ, सलग पाच वर्षं खरिपाची ज्वारी. पेरून चाळीस दिवस झालेले. कडेची ज्वारी मांडीला लागत होती आणि मधल्या तीन-चार पट्ट्यांत गुडघ्याच्याही खाली. तण म्हणाल तर वर काहीच दिसत नव्हतं, काकांनी दोन खुरपण्या केलेल्या, रान एकदम स्वच्छ.

तर हा लेख त्या दोन एकराबद्दल आहे. टारफुला म्हणजे स्ट्रायगा, आपल्याकडे ज्वारीत आणि उसात येतो तो, पांढऱ्या बारीक फुलांचा, वीतभर उंचीचा. बरेच जण त्याला साधं तण समजतात, खुरपून टाकलं की संपलं. तसं नाहीये ते. हे तण तुमच्या पिकाच्या मुळाला तोंड लावून जगतं, आणि त्याला उगवायचं कधी हे सांगतं कोण, तर ज्वारीचं मूळच. ही गोष्ट नीट कळली की पुढचे सगळे उपाय आपोआप लागतात, म्हणून आधी तेवढी समजून घ्या.

मातीखाली काय चाललेलं असतं

टारफुल्याचं बी म्हणजे अक्षरशः धूळ. मिलिमीटरचा तिसरा-चौथा हिस्सा. एवढ्याशा बियात स्वतःच्या जोरावर वाढायला अन्नच नसतं, त्यामुळे ते असंच कुठेही उगवत नाही, वाट बघत बसतं, दहा-दहा वर्षं सुद्धा. पावसाळा लागला की आठ-पंधरा दिवस ओल आणि उबेत ते फुगतं, तयार होतं, पण तरी उगवत नाही. उगवतं कधी, तर जेव्हा एखादं मूळ त्याच्यापासून दोन-चार मिलिमीटरवर येतं आणि त्या मुळातून स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन झिरपतं तेव्हा.

आता ज्वारी हे रसायन वेडी म्हणून सोडत नाही. जमिनीत स्फुरद कमी पडला, नत्र कमी पडलं की ज्वारीचं मूळ हा वास सोडून मातीतल्या चांगल्या बुरशीला, म्हणजे मायकोरायझाला बोलावतं, ये बाई मला स्फुरद आणून दे. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. म्हणून हलक्या, उपाशी रानात टारफुला जास्त आणि भारी, खत घातलेल्या रानात कमी. योगायोग नाहीये तो.

बी उगवलं की त्याच्याकडे वेळ तीन ते पाच दिवस, फार तर आठवडा. तेवढ्यात मूळ सापडलं तर चिकटतं, गाठ करतं, आत घुसतं आणि पाणी, अन्न ओढायला लागतं. नाही सापडलं तर मेलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ ह्याच्यावर आहे.

चिकटल्यानंतर चार ते सात आठवडे ते मातीखालीच असतं, पांढरं, हिरवेपणा नसलेलं, पूर्णपणे ज्वारीच्या जिवावर. ज्वारीचं खरं नुकसान ह्याच काळात होतं. आणि नुकसान फक्त चोरलेल्या अन्नाचं नाही, टारफुला ज्वारीची वाढ आतूनच बिघडवतो, पानांचं काम मंदावतं, दांडा खुरटतो, म्हणून एवढ्याशा तणाच्या मानाने ज्वारीचे हाल फार होतात. इंग्रजीत ह्याला चेटकिणीचं तण म्हणतात, कारण वर काही दिसत नाही आणि पीक मात्र झपाटल्यासारखं होतं. जेव्हा तुम्हाला हिरवा कोंब वर दिसतो तेव्हा ह्या वर्षीची ज्वारी बऱ्यापैकी गेलेली असते. त्यानंतर जे करायचं ते पुढच्या वर्षांसाठी करायचं.

पायरी १: खात्री करा, अंदाजावर फवारू नका

काकांच्या रानात आम्ही काय केलं ते सांगतो. ज्वारीचं ताट धरून उपटायचं नाही, ही पहिली चूक सगळे करतात. उपटलं की टारफुल्याचे नाजूक कोंब मातीत तुटून राहतात आणि मुळावर काहीच दिसत नाही. ताटाच्या चारी बाजूंनी वीतभर लांब फावडं घालून ढेकळासकट उचलायचं, बादलीत अर्धा तास भिजत ठेवायचं, मग हळूच हलवत माती सोडवायची. बोटांनी चोळू नका.

माती गळाल्यावर ज्वारीच्या मुळांवर पांढरे, जाडसर कोंब दिसले, त्यांवर बारीक खवल्यासारखी पानं, आणि कोंब जिथे मुळाला मिळतो तिथे बारीक गाठ. एका ताटाला अकरा मोजले मी. काका नुसते बघत राहिले, म्हणाले हे खाली एवढं चाललंय आणि मी वरून टॉनिक मारतोय.

फावडं तीन ठिकाणी घाला: खुरटलेल्या पट्ट्याच्या मध्ये, पट्ट्याच्या कडेला, आणि चांगल्या ज्वारीत. कडेला सापडला आणि चांगल्यातही एक-दोन सापडले तर पट्टा पसरतोय असं समजा.

पण प्रत्येक खुरटलेला पट्टा टारफुल्याचा नसतो हो. इथे दुसरा संशयित येतो, तो म्हणजे ॲलिलोपॅथी. सोप्या भाषेत एका झाडाने किंवा त्याच्या कुजणाऱ्या अवशेषांनी मातीत रसायनं सोडून दुसऱ्याची उगवण किंवा वाढ दाबणं. हा शब्द १९३७ मध्ये मोलिश नावाच्या व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञाने काढला, पण आपल्या लोकांना अनुभव जुनाच आहे, ज्वारीवर हरभरा घाईने टोकला की उगवण विरळ पडते हे कुणाला माहीत नाही. ज्वारी स्वतःच ह्यात तरबेज आहे, तिच्या मुळांवरच्या केसांतून सोर्गोलिओन नावाचा तेलकट पदार्थ झिरपतो आणि बारीक बियांच्या तणांना तो चांगलाच बाधतो. धसकटं कुजताना जी आम्लं सुटतात ती वेगळीच. गाजर गवताचं तर विचारूच नका, पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा दिसलं आणि आज बांधाबांधावर आहे, त्याच्यातलं पार्थेनिन शेजारच्या पिकाची उगवण दाबतं.

मग दोन्हींत फरक कसा करायचा? मी हे बघतो. अवशेषांचा त्रास असेल तर तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दिसतो: बी उगवतच नाही, किंवा उगवलं तर मुळाचं टोक तपकिरी, आखूड, जिथे धसकटांचा किंवा गवताचा थर जास्त तिथेच जास्त, आणि नंतर एक-दोन पाऊस किंवा पाणी मिळालं की पीक हळूहळू सावरतं. टारफुल्यात बरोबर उलटं. उगवण झकास, पहिले तीन आठवडे सगळं छान, आणि मग जशी ज्वारी वाढायला हवी तशी ती मागे पडत जाते, पाणी देऊनही सावरत नाही. आणि अवशेष कुजताना नत्र ओढून घेतल्यामुळे येणारा पिवळेपणा हा तिसराच प्रकार, तिथे दोन टक्के युरियाची फवारणी केली की आठ दिवसांत पान हिरवं होतं. टारफुल्याची ज्वारी त्या फवारणीने तशी फिरत नाही.

शंका राहिलीच तर कुंडी करा, फुकट आहे. खुरटलेल्या पट्ट्यातली वरची वीतभर माती तीन कुंड्यांत, चांगल्या जागेची तीन कुंड्यांत. सगळ्यांत ज्वारीचे पाच-पाच दाणे, नंतर दोन रोपं ठेवा, ओल टिकवा. सहा-सात आठवड्यांनी कुंडी उलटी करून बादलीत धुवा. टारफुल्याचं बी असेल तर मुळावर गाठी दिसतील. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये केलं तर जूनच्या पेरणीआधी उत्तर हातात असतं.

अवशेषांसाठीची घरगुती चाचणीही आहे, १०० ग्रॅम वाळकी धसकटं बारीक करून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळायचं, त्या पाण्यात कागदावर मेथीचे किंवा मोहरीचे २५ दाणे, शेजारी साध्या पाण्यावर २५. चार दिवसांनी उगवलेले मोजा आणि मुळांची लांबी बघा. पण एक सांगतो, कागदावर निकाल नेहमी वाईटच येतो, कारण रानात माती हे पदार्थ धरून ठेवते, जिवाणू त्यांना खाऊन टाकतात. तेव्हा कागदावर निम्मी उगवण झाली म्हणजे रानात निम्मी होईल असं अजिबात नाही. फक्त संशय आहे की नाही एवढंच त्यातून कळतं.

पायरी २: ह्या हंगामात बी पडू देऊ नका

काकांच्या रानात त्या रविवारनंतर आठेक दिवसांनी टारफुला वर आला. हिरवा कोंब दिसल्यापासून फूल यायला साधारण तीन-चार आठवडे आणि बोंडातलं बी पिकायला आणखी तितकेच. म्हणजे तुमच्याकडे जवळजवळ महिनाभराची खिडकी आहे, आणि ती चुकवायची नाही.

का ते हिशोबाने बघा. एका चांगल्या वाढलेल्या झाडापासून ५० हजार बिया धरा. एकरात फक्त दहा झाडं सुटली, बाकी सगळी उपटली, तरी पाच लाख बिया. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे प्रत्येक चौरस फुटाला अकराच्या वर बिया, दहा झाडांपायी. म्हणून «बरंच काढलं की» हे टारफुल्यात चालत नाही.

थोडी झाडं असतील तर हाताने उपटायची, फुलं यायच्या आधी, पावसानंतर माती मऊ असताना, आणि दर दहा-बारा दिवसांनी परत, कारण सगळी एकदम वर येत नाहीत. फूल आलेली झाडं उपटली तर बांधावर टाकू नका, उपटलेल्या झाडावर सुद्धा बोंड पिकून बी सांडतं. पोत्यात भरा, वाळवा, जाळा. काकांनी पहिल्या दिवशी ढीग गोठ्याकडे नेला होता, म्हैस खाईल म्हणून. मी अक्षरशः ओढून आणला तो. टारफुल्याचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं, मग शेणातून खतात आणि खतातून चांगल्या रानात. बाधित रानाचा कडबा शेजाऱ्याला विकणं, बाधित रानातून कुळव थेट दुसऱ्या रानात नेणं, हेही तसंच. बाधित तुकड्यात काम सगळ्यात शेवटी करा आणि अवजारं तिथेच झाडून-धुवून मग बाहेर काढा, एवढं तरी.

झाडं फार असतील तर २,४-डी हे तणनाशक. सोडियम सॉल्ट ८० टक्के पावडर येते, एकरी साधारण ५०० ग्रॅम, २०० लिटर पाण्यात, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३७-३८ ग्रॅम. पाकिटावर ज्वारीसाठी काय लिहिलंय ते बघूनच, तिथे वेगळं असेल तर तेच खरं. टारफुला वर आल्यावर, फुलाआधी, नोझल खाली धरून, टारफुल्यावर आणि ज्वारीच्या बुडाशी पडेल असं मारायचं. ज्वारीच्या पोंग्यात ओतायचं नाही, पोटरीच्या अवस्थेत तर नाहीच.

आणि आता कान देऊन ऐका. आमच्या सांगली-सोलापूर पट्ट्यात शेजारी द्राक्ष असतं, कापूस असतो, तूर असते. २,४-डी चा वाऱ्यावर उडालेला तुषार सुद्धा द्राक्षाची आणि कापसाची पानं पंख्यासारखी वाकडी करतो. मी स्वतः एकदा हा पंप नीट न धुता शेजारच्या माणसाला उसना दिला होता, त्याने भेंडीवर कीटकनाशक मारलं आणि आठ दिवसांत भेंडीची पानं भेंडीची राहिली नाहीत, वर्षभर बोलला नाही तो माझ्याशी. बरोबरच होतं त्याचं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. एस्टर प्रकार तर ह्या भागात नकोच, त्याची वाफ उडते. जिथे शेजारी कापूस किंवा भेंडी आहे तिथे तमिळनाडूतल्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत उसातल्या टारफुल्यावर २० टक्के युरियाची थेट फवारणी आहे, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम. ते फक्त टारफुल्यावर पडलं पाहिजे, पिकाच्या पानावर पडलं तर पान जळणार. काकांच्या पश्चिमेला द्राक्षबाग, त्यामुळे आम्ही त्या बाजूच्या दहा ओळींत युरिया आणि हात, बाकीत २,४-डी, तेही सकाळी वारा नसताना.

ॲट्राझिनबद्दल सगळे विचारतात. पेरणीनंतर मारायचं ॲट्राझिन बाकीच्या तणांसाठी ठीक, पण टारफुल्यावर त्याचा भरवसा नाही, कारण टारफुला त्या काळात मातीखाली ज्वारीच्या मुळावर बसलेला असतो.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे काढणीनंतरचा महिना. ज्वारी कापली, कडबा रचला, माणूस मोकळा झाला. पण धसकटांची मुळं अजून जिवंत असतात आणि त्यांच्यावर टारफुला निवांत फुलत राहतो, बी सांडतो. कापणी झाली की त्याच आठवड्यात धसकटं उखडून काढा, नांगर फिरवा.

पायरी ३: बी फसवून मारा

मघाशी म्हटलं ना, उगवल्यावर मूळ सापडलं नाही तर ते चार-पाच दिवसांत मरतं. तर मग त्याला खोटी हाक मारायची. कापूस, चवळी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल ह्यांची मुळं सुद्धा टारफुल्याच्या बियाला उठवतात, पण त्यांच्यावर तो जगू शकत नाही. बी उठतं, मूळ शोधतं, चिकटायला जमत नाही, मरतं. गंमत म्हणजे ह्या रसायनांच्या घराण्यातलं पहिलं रसायन, स्ट्रिगॉल, १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या पाझरातच सापडलं, ज्याच्यावर टारफुला येतच नाही त्या पिकात.

अमेरिकेत १९५६ मध्ये कॅरोलिनात टारफुला मक्यात सापडल्यावर त्यांनी हीच युक्ती गॅसने केली, जमिनीत इथिलीन सोडलं, बी उठलं आणि मेलं, वर कडक बंदोबस्त ठेवला, शेताबाहेर माती-अवजार जाऊ द्यायचं नाही. आपल्या मुरमाड दोन एकरात जमिनीत गॅस सोडायची यंत्रं कोण आणणार, आपला इथिलीन म्हणजे चवळी आणि भुईमूग.

पण ह्यात दोन गोष्टी चुकतात. एक, मुळाच्या दोन-चार मिलिमीटरमधलंच बी उठतं, म्हणून विरळ पेरलेलं पीक म्हणजे फसलेला सापळा. कापूस चार फुटांवर लावला तर मधल्या मातीतलं बी तसंच. अशा रानात मी दाट पिकाला, म्हणजे भुईमूग, सोयाबीन, चवळी ह्यांना आधी पसंती देतो आणि कापूस घ्यायचाच तर ओळींत चवळी. दोन, ह्या पिकांत गवतवर्गीय तण माजू दिलं तर टारफुला त्या गवतावर जगतो आणि तुमची दोन वर्षं पाण्यात. सापळा पिकाचं रान गवतापासून स्वच्छ हवं. आणि एका हंगामात सगळं बी संपत नाही, थोडा हिस्साच जातो, त्यामुळे एक वर्ष सोयाबीन घेऊन लगेच ज्वारीवर परत आलात तर «काही फरक पडला नाही» असंच वाटणार.

मका, ऊस, नाचणी, वरई ह्यांकडे वळणं म्हणजे फेरपालट नव्हे, ते सगळे टारफुल्याचे यजमान. बाजरीचं जरा वेगळं आहे, काही भागात ज्वारीवरचा टारफुला बाजरीवर नीट येत नाही आणि बाजरीवरचा ज्वारीवर, पण आपल्या रानात कोणता आहे ते कुंडीत बाजरी लावून बघितल्याशिवाय ठरवू नका.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते, कारण चारा पण मिळतो. कडवळ. ज्वारीच दाट फेकायची, टारफुल्याला खरी हाक द्यायची, भरपूर बी उठू द्यायचं, चिकटू द्यायचं, आणि तो फुलायच्या आत सगळंच कापून नांगरून टाकायचं. पेरणीपासून पन्नास-साठ दिवसांत, पीक फुलोऱ्याला येताना कापणी आणि दुसऱ्याच दिवशी नांगर. इथे मोह होतो, खोडवा ठेवू, अजून एक कापणी मिळेल. तो खोडवा ठेवला की टारफुल्याला फुकटचं घर मिळालं, सगळं उलटं. ज्याला मोह आवरत नाही त्याने कडवळाच्या वाटेला जाऊ नये. आणि लहान, पाण्याचा ताण बसलेलं कोवळं कडवळ जनावराला घालू नका, किराळ लागते, जनावर तासाभरात जातं.

पायरी ४: ज्वारी परत आणताना

उपाशी ज्वारी जास्त हाक मारते हे लक्षात आहे ना. म्हणून खत हा सुद्धा टारफुल्यावरचाच उपाय आहे, स्फुरद पेरताना आणि नत्र दोन हप्त्यांत. हेक्टरी ८० किलो नत्र धरलं तर एकरी ३२ किलो, युरियाच्या हिशोबात सुमारे ७० किलो, म्हणजे ४५ किलोची दीड गोणी. अर्धा पेरताना, अर्धा तीस दिवसांनी ओल बघून. पेरताना डीएपी किंवा दुसरं मिश्रखत देणार असाल तर त्यातलं नत्र ह्यातून वजा करा. शेणखत पूर्ण कुजलेलंच, खड्ड्यात चांगलं तापलेलं, नाहीतर वर सांगितलं तसं खतातूनच बी येतं. फक्त खताने टारफुला जात नाही, नुकसान कमी होतं आणि कोंब थोडे कमी येतात, एवढंच.

वाणांचंही थोडं सांगतो. काही ज्वाऱ्या मुळात हाकच बारीक मारतात. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा ह्यांनी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात अशाच ज्वाऱ्यांवर काम केलं, २००९ चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. नंतर त्यामागचा जनुकही सापडला, त्याच्यातल्या बदलामुळे मुळातून झिरपणारं स्ट्रिगोलॅक्टोन वेगळ्या प्रकारचं होतं आणि टारफुल्याला ते नीट ऐकू येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या ज्वाऱ्या बी उठू देतात पण आत घुसू देत नाहीत, आपल्याकडचीच एन-१३ नावाची जुनी ज्वारी तशी, मुळाच्या पेशींच्या भिंती जाड करते. पण ह्या बहुतेक पैदासकारांच्या कामाच्या. दुकानात पाकीट घेताना «टारफुला येत नाही» असं कुणी सांगितलं तर तुमच्या पट्ट्यातल्या मातीच्या कुंडीत आधी लावून बघा, महिना-दीड महिन्यात कळतं.

ज्वारी परत घेताना ओळींमध्ये चवळी घाला, जमीन झाकते आणि सापळ्याचं कामही करते. केनियात ह्याच्या पुढची पायरी आहे, मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक. ते आणलं होतं खोडकिडा पळवायला, पण लक्षात आलं की टारफुला सुद्धा गेला, कारण डेस्मोडियमची मुळं बी उठवतात आणि वर असं रसायन सोडतात की उठलेलं बी मुळाला चिकटूच शकत नाही. म्हणजे ॲलिलोपॅथी आपल्या बाजूने लढली. आपल्या कोरडवाहू माळावर ते बसवणं अवघड आहे मात्र, बहुवर्षीय पीक आहे, रान अडकून राहतं, उन्हाळ्यात जनावरं मोकळी सुटतात ती शेंडासुद्धा ठेवणार नाहीत. बागायतात, चाऱ्याची गरज असलेल्याने एखाद्या गुंठ्यात करून बघायला हरकत नाही.

आणि धसकटांचा ॲलिलोपॅथीवाला त्रास टाळायचा तर ज्वारीनंतर हरभऱ्याला किंवा गव्हाला घाई नको. धसकटं उखडून नांगरली, एक पाऊस किंवा हलकं पाणी मिळालं आणि दोन-तीन आठवडे गेले की बराचसा जोर उतरतो. तेवढा वेळच नसेल तर निदान बियाच्या ओळीतली धसकटं वेचून बाजूला करा, बी आणि कुजणारा काडीकचरा एकमेकांना चिकटलेले नकोत. तीच धसकटं पुढे उन्हाळी भुईमुगाच्या ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरली तर बारीक तणांची उगवण दबते, तिथे तीच रसायनं कामाला येतात.

काकांचं काय ठरलं

त्या वर्षी दोन एकरात ज्वारीचं उत्पन्न चांगल्या वर्षाच्या निम्म्याच्याही खाली आलं, ते येणारच होतं. उपटणी तीन वेळा झाली, तिसऱ्या वेळी बोंडं आलेली सापडलीच, पश्चिमेच्या कोपऱ्यात, बाभळीच्या सावलीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं तिथे. तो कोपरा आम्ही चार दगड ठेवून खूण करून ठेवलाय.

ह्या वर्षी अख्ख्या तुकड्यात भुईमूग आहे, दाट, दोन खुरपण्या गवतासाठी. पुढच्या वर्षी एका एकरात तूर आणि सोयाबीन, दुसऱ्यात कडवळ, काकूंच्या म्हशीसाठी, आणि कापून झालं की नांगर चालवायला मी स्वतः जाणार आहे कारण खोडव्याचा मोह काकांना नक्की होणार. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये सहा कुंड्या भरायच्या, दोन दगडवाल्या कोपऱ्यातल्या मातीने, चार बाकी रानातल्या. मुळं स्वच्छ निघाली तर ज्वारी, दोन गाठी दिसल्या तर अजून एक वर्ष शेंगा.

काकांचा एकच प्रश्न असतो, मग भाकरीचं काय. खालच्या काळ्या रानात अर्धा एकर शाळू पेरलाय, तो घरापुरता होतो, आणि तिथे जाताना कुळव विहिरीवर धुवायचा हे आता त्यांचं पाठ झालंय.